होडी का बुडाली? उत्तरांतून विनोद उलगडणारी अपूर्णांकांची वर्कशीट

प्रश्न: घणसोलीत सहावीला गणित शिकवते. परीक्षेआधी अपूर्णांकांची उजळणी घ्यायची आहे. बरोबर उत्तरं आली की लपलेला विनोद उलगडतो, अशी कोड्याची वर्कशीट करायची आहे. मागच्या वेळी केली तर मुलांनी चार अक्षरांवरून विनोद ओळखला आणि बाकीची गणितं सोडवलीच नाहीत. मराठीत अशी वर्कशीट नीट कशी बसवायची?

उत्तर:

चार अक्षरांत विनोद कळतो तेव्हा दोष सहसा विनोदाचा नसतो. कोणतं गणित कोणत्या अक्षराला जोडलं, तिथे चूक झालेली असते. ते नीट करता येतं, पुढे सांगते. पण त्याहून मोठी गोष्ट आधी सांगते, कारण ती कळायला मला बरीच वर्षं लागली. बरोबर उत्तरांची अक्षरं विनोद ठरवतो, त्यात आपल्याला फारसं काही करता येत नाही. आपल्या हातात असतात ती चुकीच्या उत्तरांची अक्षरं. मूल चुकलं तर त्याच्या चौकटीत काय दिसेल, हे आपण ठरवतो, आणि वर्कशीट उजळणीच्या कामाची होते की नुसता खेळ राहते, ते त्यावर ठरतं.

मी ठाण्यात सहावी-सातवीला शिकवते. सध्या वापरते ती एक वर्कशीट पूर्ण उकलून दाखवते. डोक्यावर मोठ्या अक्षरात प्रश्न असतो: ‘अपूर्णांक मासुंदा तलावात होडीतून फिरायला गेला. होडी का बुडाली?’ तलावपाळीवर होडीत बसलेली किंवा निदान बसायचा हट्ट केलेली मुलं वर्गात असतातच, त्यामुळे चित्र लगेच डोळ्यांपुढे येतं. लपलेलं उत्तर असं: ‘तिच्या खाली मोठा छेद होता.’

हा विनोद निवडण्याचं कारण सांगते. ‘छेद’ म्हणजे भोक आणि ‘छेद’ म्हणजे अपूर्णांकातली खालची संख्या. होडीचं भोक खाली, अपूर्णांकाचा छेदही खाली. ज्या मुलाला छेद कुठे लिहितात हे पक्कं माहीत आहे, त्यालाच हसू येतं. हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांनाही ‘छेद’ म्हणजे भोक हे कळतं, आणि आपल्याकडच्या वर्गांत तो विचार करावाच लागतो. तरी छापण्याआधी दुसऱ्या वर्गातल्या दोन-तीन मुलांना विनोद तोंडी सांगून बघते. समजावून सांगावा लागला तर तो विनोद बाद.

आता अक्षरं. इंग्रजी वर्कशीटमध्ये एक लेटर एक चौकट इतकं सोपं असतं. मराठीत चौकट अक्षराची करायची, म्हणजे काना-मात्रा-वेलांटीसकट आणि जोडाक्षर अखंड. ति, च्या, खा, ली, मो, ठा, छे, द, हो, ता: दहा चौकटी. ‘च्या’चे तुकडे करून च्, य आणि काना वेगवेगळे दिले तर मुलं गणित सोडून जोडणीत अडकतात. कॉम्प्युटरवर अक्षरं मोजू नका. गूगल शीटमध्ये हे वाक्य पूर्णविरामाशिवाय घालून `LEN` लावलं तर उत्तर २५ येतं, कारण तिथे मात्रा, हलन्त आणि मोकळ्या जागाही मोजल्या जातात. बोटांवर मोजलेलं खरं.

या दहा अक्षरांत एकही दोनदा येत नाही. हा नियम नाही, पण फार सोयीचं आहे. ‘ता’ दोनदा आला असता तर एकच उत्तर दोन जागी भरावं लागलं असतं, म्हणजे एक गणित कमी आणि ओळखायला एक अक्षर फुकट. आठ ते बारा वेगवेगळी अक्षरं असलेलं वाक्य एका तासाला पुरतं. ‘का’ने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘कारण’ने सुरू होत असेल तर ‘कारण’ सरळ छापून द्या. त्या तीन चौकटी कुणीही गणित न करता भरतं.

माझी दहा गणितं अशी आहेत:

१) ५/६ − १/३
२) २ १/२ × ४
३) १/२ + १/३
४) ३/४ ÷ १/२
५) २४ चे ३/८ किती?
६) १ १/४ + २ १/२
७) २/३ × ५/७
८) ३ १/३ − १ २/३
९) ४ ÷ १/३
१०) ३/५ किलो पेढ्यांचे ३ सारखे वाटे केले. एक वाटा किती किलो?

खाली दहा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीखाली गणिताचा क्रमांक: २, १, ९, ३, ४, ६, ८, १०, ५, ७. क्रम असा विस्कटलेला असावाच लागतो, पण तो कसाही विस्कटायचा नसतो, आणि तुमच्या अडचणीचं उत्तर इथेच आहे. मुलं सोपी गणितं आधी सोडवतात. सोप्या गणितांतून ‘छेद’ किंवा ‘खाली’ उघडलं की विनोद फुटला, उरलेलं कोण करतंय? म्हणून मी आधी वाक्यातली अशी अक्षरं शोधते जी कळली तरी काही उलगडत नाही. इथे ती ‘तिच्या’ आणि ‘होता’. या चार अक्षरांना सोपी चार गणितं दिली: २, १, ५ आणि ७. ती सुटली की मुलासमोर ‘तिच्या’, मग सहा रिकाम्या चौकटी, मग ‘होता’ एवढंच दिसतं. त्यावरून काहीच सांगता येत नाही. उरलेल्या सहा चौकटींवर भागाकार, भिन्नच्छेद बेरीज, पूर्णांकयुक्त वजाबाकी आणि शाब्दिक उदाहरण बसवलं आहे, म्हणजे ज्यांची उजळणी खरोखर हवी आहे ती गणितं.

शब्दांमधल्या मोकळ्या जागाही मी छापत नाही, दहा चौकटी सलग ठेवते. दोन अक्षरांचा शब्द आहे हे दिसलं की एका अक्षरावरून दुसरं ओळखता येतं. ज्या मुलांना वाचनातच अडचण आहे, त्यांच्या प्रतीवर मात्र पेनाने शब्दांच्या उभ्या रेघा मारून देते.

आता चुकीच्या उत्तरांकडे येते. उत्तरांच्या तक्त्यात दहा बरोबर उत्तरं असतात आणि शिवाय चुकीची उत्तरं, प्रत्येकासमोर एक अक्षर. या चुकीच्यांना मी चकवा म्हणते. चकवे मनाने बनवायचे नाहीत, मुलांच्या वह्यांतून उचलायचे. १/२ + १/३ ला २/५ लिहिणारं मूल प्रत्येक वर्गात असतं, वरची वर आणि खालची खाली मिळवणारं. ३ १/३ − १ २/३ मध्ये १/३ मधून २/३ जात नाहीत म्हणून २/३ मधून १/३ वजा करून २ १/३ लिहिणारंही असतं. ३/४ ÷ १/२ मध्ये उलटं न करता नुसता गुणाकार केला की ३/८ येतं. २ १/२ × ४ मध्ये फक्त पूर्णांक गुणला आणि अर्धा तसाच ठेवला की साडेआठ. पेढ्यांच्या उदाहरणात ३ ने भागायच्या ऐवजी गुणलं की १ ४/५ किलो, म्हणजे मुळात होते त्याच्या तिप्पट पेढे एका वाट्यात.

माझा तक्ता असा आहे, लहानाकडून मोठ्याकडे लावलेला:

१/५ द, ३/८ सा, २/५ रा, १०/२१ ता, १/२ च्या, ५/६ ली, १४/१५ डी, १ १/३ वा, १ १/२ मो, १ २/३ छे, १ ४/५ क, २ १/३ वे, ३ गो, ३ १/३ ती, ३ ३/४ ठा, ८ १/२ मी, ९ हो, १० ति, १२ खा.

एकूण एकोणीस. यापुढे जाऊ नका, नाहीतर मुलांचा वेळ गणितापेक्षा शोधण्यात जातो.

यात दहाही चुका वेगळ्या नाहीत. १ १/३ हा चकवा दोन गणितांना चालतो: पहिल्यात वरून वर आणि खालून खाली वजा केलं तर ४/३ येतं, नवव्यात उलटं न करता गुणलं तरी ४/३. चौकट वेगळी असल्याने कोणाची कुठली चूक हे कळतंच, म्हणून असं चालतं. चालत नाही ते दुसरं: एका गणिताची चूक हेच दुसऱ्या गणिताचं बरोबर उत्तर असणं. पहिल्या खर्ड्यात माझं सातवं गणित २/३ × ३/५ होतं. त्याचं उत्तर २/५, आणि तिसऱ्या गणिताची ठरलेली चूकही २/५. मुलाला एकच अक्षर दोन जागी मिळायचं आणि नेमकं बरोबर असलेलं गणित ते खोडायचं. म्हणून सातवं बदललं.

चकव्याला अक्षर देताना जागेवर ठेवून वाचा. तिसऱ्या गणिताची चौकट ‘खाली’तल्या ‘ली’ची. तिथे चुकीचं ‘रा’ बसलं की ‘खारा’ होतं. ‘मोठा’मध्ये सहावं चुकलं तर ‘मोती’, चौथं चुकलं तर ‘साठा’. आठवं चुकलं तर छेदाचा ‘वेद’ होतो, पाचवं चुकलं तर ‘होता’चा ‘गोता’. म्हणजे शब्द खरा वाटतो, मूल पुढे जातं, आणि वाक्य वाचताना अडखळतं: होडीखाली वेद कसा असेल? मग ते आपणहून आठव्या गणिताकडे परत जातं. हे परत जाणं मला हवं असतं, कारण तेव्हा चूक शोधायला मी सांगितलेलं नसतं.

उलट निष्काळजीपणाची चूक, म्हणजे बेरजेत एकाने कमी-जास्त, तक्त्यात सापडतच नाही. तिथल्या तिथे कळतं. म्हणून समजुतीच्या चुका तेवढ्या तक्त्यात घालते, हात घसरल्याच्या नाही.

इथे माझी एक जुनी चूक सांगते, कारण ती सहज होते. साडेआठला मी आधी ‘त्या’ हे अक्षर दिलं होतं. दुसरं गणित चुकलेल्या मुलांचं वाक्य झालं, ‘त्याच्या खाली मोठा छेद होता.’ ते पूर्णपणे बरोबर वाचलं जातं. अपूर्णांक पुल्लिंगी, त्याच्या खाली छेद, विनोदही जसाच्या तसा. चुकीचं उत्तर लिहून मुलं हसली आणि खुशीत बसली, आणि मला ते वह्या तपासताना कळलं. तेव्हापासून प्रत्येक चकवा त्याच्या चौकटीत बसवून पूर्ण वाक्य मोठ्याने वाचते. इथे दहा वेळा वाचावं लागतं, कारण ‘वा’ दोन जागी पडतो. अर्थ लागला की अक्षर बदल. याच वाचनात दुसरी गोष्टही पकडता येते. ‘खा’च्या जागी मी एकदा ‘सा’ ठेवणार होते. ‘साली’ झालं असतं आणि पुढची दहा मिनिटं वर्गात खिदळण्यात गेली असती. वाईट शब्द जुळत नाही ना, हे सातवीच्या मुलाच्या कानाने ऐका.

उत्तराच्या रूपाचा नियम वर्कशीटवर लिहिलेला हवा: ‘उत्तर अतिसंक्षिप्त रूपात लिहा. १ पेक्षा मोठं असेल तर पूर्णांकयुक्त करा.’ पहिल्या गणितात ३/६ आलं तर ते तक्त्यात नाही, मुलाला संक्षिप्त रूप द्यावंच लागतं. ३/६ आणि १/२ ही दोन्ही वेगवेगळ्या अक्षरांनी तक्त्यात कधीही घालू नका. त्या दोन्ही एकच संख्या आहेत, आणि ३/६ लिहिणाऱ्याला चूक ठरवणं गणिताच्या दृष्टीनेच खोटं आहे.

छपाईचा एकच धोका सांगते. टाइप करताना दीड हे १ १/२ असं लिहिलं आणि झेरॉक्समध्ये मधली जागा दबली की ते ११/२ वाचलं जातं, म्हणजे साडेपाच. अपूर्णांकाची रेघ आडवी हवी, अंश वर आणि छेद खाली. सगळ्यात खात्रीचं म्हणजे गणितं आणि तक्ता स्वच्छ हाताने लिहून मग झेरॉक्स काढणं. या विनोदात तर छेद खाली दिसलाच पाहिजे, नाहीतर हसायचं कशाला?

वर्गात ३५ मिनिटांच्या तासात साधारण २५ मिनिटं सोडवायला देते. कृती वहीत, वर्कशीटवर फक्त उत्तर आणि अक्षर. वहीत कृती नसेल तर चौकट भरलेली धरत नाही, हे सुरुवातीलाच सांगते. तुकडीत कुणीतरी विनोद ओळखणारच, पण ओळखलेल्या अक्षराला कृती चिकटवणं गणित सोडवण्यापेक्षा सोपं नसतं. मग बाकांमधून फिरते आणि फक्त चौकटींची ओळ वाचते. ‘खारा’ दिसलं की भिन्नच्छेद बेरीज, ‘वेद’ दिसला की पूर्णांकातून एक मोडून घेणं. तपासायला बसावं लागत नाही. एका खेपेला खिडकीकडच्या रांगेत लागोपाठ चार ‘वेद’ दिसले. मी थांबले, फळ्यावर ३ १/३ लिहिलं, एक पूर्ण मोडून २ ४/३ केलं, आणि त्यातून १ २/३ त्यांनाच वजा करायला लावलं. चौघांनी खोडून ‘छे’ लिहिलं आणि वाचलं. मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला तेव्हा उत्तर बरोबर आहे हे मला सांगावं लागलं नाही.

या पद्धतीतून कृती कशी केली ते दिसत नाही. उत्तर कसंबसं बरोबर आलेलं मूल सुटून जातं. ५/६ − १/३ मध्ये कुणी समच्छेद न करता चित्र काढून उत्तर आणलं तर चौकट तेवढंच दाखवते. त्यासाठी वह्या बघाव्याच लागतात, निदान चौथ्या आणि आठव्या गणिताच्या.

राहिला प्रश्न दुसऱ्या तुकडीचा. सहावी अ ने सोडवलेला विनोद मधल्या सुट्टीत सहावी ब ला कळलेला असतो. गणितं तीच ठेवून विनोद बदला. माझ्याकडे ब साठी हा आहे: ‘अंश आणि छेद एकमेकांना कधीच का भेटत नाहीत?’ उत्तर: ‘मधली रेघ आडवी येते.’ म, ध, ली, रे, घ, आ, ड, वी, ये, ते: पुन्हा दहा अक्षरं, पुन्हा एकही दोनदा नाही. यात ओळखायला सोपं ‘येते’ आहे आणि राखून ठेवायचं ‘आडवी’, म्हणून आठवं, चौथं आणि नववं गणित आ, ड, वी ला द्या आणि दोन सोपी गणितं ‘येते’ला. चकव्यांची अक्षरं मात्र नव्याने बसवावी लागतील. अ मधली इथे उचलून ठेवू नका, जागा बदलल्या की ती भलतंच काही वाचायला लावतात. एक सुरुवात करून देते: ‘रेघ’मधल्या ‘रे’ला तिसरं गणित दिलंत तर २/५ ला ‘मा’ द्या. ‘मधली माघ’ वाचून मूल नक्की थबकेल.